वाक्य अडतं ते कुठे? ह्युमनायझर आणि मुख्य परीक्षेतली सात मिनिटं

प्रश्न: मी पुण्यात राज्यशास्त्रात एमए करते, दुसरं वर्ष. मूळची लातूरची. असाइनमेंट एआयकडून लिहून घेते आणि एआयचा मजकूर माणसाने लिहिल्यासारखा करून देणाऱ्या ह्युमनायझर टूलमधून काढून देते, कारण कॉलेजात एआयचं लेखन ओळखणारे डिटेक्टर लावतात. पहिल्या सेमिस्टरला मी स्वतः लिहिलेलंच 'एआय' दाखवलं होतं, तेव्हापासून ही सवय लागली. पण प्रत्येक असाइनमेंट मी नीट वाचते, विषय कळतो, मार्कही बरे आहेत. परवा टेस्ट सिरीजचा पहिला पेपर दिला तर वीसपैकी आठच प्रश्न लिहून झाले. मुद्दे माहीत होते, वाक्यच सुचेना. राज्यसेवा मुख्य आता वर्णनात्मक आहे. माझं नेमकं काय बिघडलंय? आणि सहा-सात महिन्यांत हात बसेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: हात बसेल, पण रोज पेनाने लिहिलंत तर. आणि नुसती पानं भरून भागणार नाही, कारण अडचण बहुतेक हाताची नाहीच.

आधी "नीट वाचते, विषय कळतो" याबद्दल. तुम्ही खोटं सांगत नाही आहात, विषय तुम्हाला खरंच कळत असणार. पण तयार मजकूर वाचताना कळणं आणि कोऱ्या कागदावर तोच मुद्दा स्वतःच्या वाक्यात उतरणं यांत बरंच अंतर असतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांच्या गटांना एकच उतारा अभ्यासायला दिला. एका गटाने तो पुन्हापुन्हा वाचला. दुसऱ्याने फक्त पहिल्या सत्रात वाचून, मग उतारा बाजूला ठेवून, आठवेल तेवढं तीनदा लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना सुमारे 61 टक्के. शिवाय आपल्याला छान आठवेल याची खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती. तुमच्या असाइनमेंट पहिल्या गटातल्या आहेत.

आता ह्युमनायझर. बरेच डिटेक्टर ढोबळमानाने दोन गोष्टी बघतात. पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो, आणि वाक्यांची लांबी सारखीच आहे की कमीजास्त. ह्युमनायझर नेमकं हेच बिघडवतो. नेहमीच्या शब्दाजागी आडवळणाचा शब्द घालतो, एक लांब वाक्य तोडतो, दोन छोटी जोडतो. मुद्दा कोणता घ्यायचा, कोणता सोडायचा, आधी काय यायला हवं, प्रश्नाला उत्तर मिळालं का, यातल्या कशालाच तो हात लावत नाही. मजकुराचा दर्जा सुधारावा म्हणून तो बनलेलाच नाही, तो डिटेक्टर चुकवायला बनलाय.

एक वाक्य जवळून बघू. समजा तुम्ही पहिल्या झटक्यात असं लिहिलंत:

"मराठवाड्यात मोठ्या प्रमाणावर ऊसाचे पीक घेतले जात असल्यामुळे पाण्याचा मोठ्या प्रमाणावर वापर होत असून त्यामुळे पाणीटंचाई निर्माण होते."

ह्युमनायझरमधून ते साधारण असं बाहेर पडतं:

"मराठवाडा प्रदेशामध्ये उसाची लागवड व्यापक स्तरावर होते, ज्यामुळे जलस्रोतांचा उपभोग वाढतो. परिणामी जलाची कमतरता उद्भवते."

शब्द बदलले, एकाची दोन वाक्यं झाली, विचार तिथल्या तिथेच. उसामुळे टंचाई का होते हे दोन्हीकडे नाही. हेच वाक्य तुम्ही स्वतः दुरुस्त करायला बसला असतात, तर दोनदा आलेलं "मोठ्या प्रमाणावर" आधी खटकलं असतं. ते काढल्यावर वाक्य पोकळ वाटलं असतं आणि मग प्रश्न पडला असता, की ऊसच का, बाजरी का नाही? तिथून खरं वाक्य निघतं: "आडसाली ऊस 16 ते 18 महिने शेतात उभा असतो, विहिरी आटतात त्या उन्हाळ्यातही त्याला पाणी द्यावंच लागतं." यात कारण आहे आणि आकडाही आहे. परीक्षक मार्क देतो ते अशा वाक्याला.

खटकलं, काढलं, पोकळ वाटलं, कारण शोधलं, ही सगळी धडपड म्हणजे संपादन. लिहिणं माणूस मुख्यतः इथेच शिकतो. पहिला खर्डा वाईटच असतो, जवळपास सगळ्यांचा. तो सुधारताना पुढच्या खेपेला कुठे अडखळायचं नाही हे अंगवळणी पडतं. एआयने तुमचा खर्डा घेतला आणि ह्युमनायझरने तुमचं संपादन घेतलं. पहिल्याबद्दल सगळे बोलतात. दुसरं "फक्त शब्द फिरवले" म्हणून सुटून जातं. खरं तर नुकसान तिथे जास्त आहे, कारण स्वतः वाईट खर्डा लिहिणारा विद्यार्थीही तो सुधारायचं काम या टूलवर सोपवू लागला की त्याची प्रगती तिथेच थांबते.

परीक्षेत हे उघडं पडतं, कारण तिथे खोडायला जागाच नसते. यूपीएससीच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरमध्ये 180 मिनिटांत 20 प्रश्न असतात. दहा प्रश्न 10 गुणांचे, शब्दमर्यादा 150; दहा 15 गुणांचे, मर्यादा 250. लहान प्रश्नाला सात मिनिटं आणि मोठ्याला अकरा धरली की बरोबर तीन तास संपतात. उत्तरासाठी पानंही मोजकी, अनुक्रमे दोन आणि तीन. राज्यसेवा मुख्य परीक्षाही 2025 पासून याच वळणावर गेली आहे: निबंध आणि सामान्य अध्ययनाचे चार पेपर प्रत्येकी 250 गुणांचे, वैकल्पिक विषयाचे दोन पेपर, शिवाय मराठी-इंग्रजीचे अर्हताकारी पेपर. सात मिनिटांत आधी लिहून मग सुधारणं बसत नाही. वाक्य कागदावर यायच्या आत डोक्यात सुधारलेलं असावं लागतं. ज्याने कागदावर आपली दोनतीनशे वाईट वाक्यं दुरुस्त केलीत, त्याचं डोकं हे आपोआप करतं. तुम्हाला एमएच्या काळात तो सराव मिळालाच नाही. म्हणून मुद्दे असूनही पेन थांबला.

आणखी एक नुकसान तुमच्या लक्षात आलं नसेल. ह्युमनायझर ठरलेल्या संज्ञाही फिरवतो. "मूलभूत हक्कां"चे "पायाभूत अधिकार" होतात, "अनुसूचित जमातीं"च्या "यादीतील आदिवासी समूह". तुम्ही तो मजकूर "नीट" वाचता, म्हणजे चुकीची संज्ञाच डोळ्यांखालून पुन्हापुन्हा जाते आणि पेपरात ऐनवेळी तीच हाताशी येते. राज्यशास्त्राच्या विद्यार्थिनीने 73व्या घटनादुरुस्तीला "संविधानातील 73वा बदल" लिहिलं तर परीक्षक काय समजेल ते सांगायला नको. जुन्या असाइनमेंट उजळणीला वापरत असाल तर आजच बंद करा. संज्ञा पाठ्यपुस्तकातून आणि घटनेच्या मराठी प्रतीतून घ्या.

आधी कुठे अडतं ते शोधा

कोणताही न वाचलेला 10 गुणांचा प्रश्न घ्या. कागद, पेन, सात मिनिटांचा गजर. लिहिताना पेन जिथे पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त थांबेल तिथे समासात एक टिंब द्या. संपल्यावर शब्द मोजा आणि टिंबं कुठे पडलीत ते बघा. पहिल्या वाक्याआधीच दीड-दोन मिनिटं गेली असतील तर उत्तराचा आराखडा जमत नाही. परिच्छेदांच्या सांध्यावर टिंबं असतील तर क्रम ठरलेला नाही. वाक्याच्या मध्येच, "ज्यामुळे" किंवा "असून" नंतर, टिंबं असतील तर वाक्यरचना अडते. आणि टिंबं कमी असूनही उत्तर तीन ओळींत संपलं तर प्रश्न लेखनाचा नाही, वाचनाचा आहे. त्याला हा सल्ला कामाचा नाही.

दुसऱ्या दिवशी हाताची वेगळी चाचणी घ्या. वर्तमानपत्रातला अग्रलेख समोर ठेवून पाच मिनिटं नुसता उतरवून काढा. मिनिटाला 22-25 शब्द पडले आणि स्वतःचं लिहिताना 10-12 पडत असतील, तर हात ठीक आहे, विचाराचं वाक्य होताना वेळ जातोय. उतरवतानाही 15च्या खाली असाल तर बऱ्याच वर्षांच्या टायपिंगमुळे हात मंदावलाय. त्यासाठी रोज दहा मिनिटं नुसतं उतरवणं पुरेसं आहे. बोटं दुखतात ती बहुधा पेन फार घट्ट धरल्याने. जाड पकडीचा, हलका चालणारा पेन घ्या आणि परीक्षेपर्यंत तोच ठेवा. शब्दमर्यादेचा धसका घेऊ नका. ती वरची मर्यादा आहे, आणि मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येत असल्याने 110-120 शब्दांत भरपूर मावतं.

एक प्रश्न सोडवून बघू

"मराठवाड्यातील पाणीटंचाई ही पावसाच्या तुटीपेक्षा पाणीवापराची समस्या आहे. परीक्षण करा." 10 गुण.

तयार मजकुरावर पोसलेला विद्यार्थी इथे हमखास अशी सुरुवात करतो: "मराठवाडा हा महाराष्ट्रातील एक महत्त्वाचा प्रदेश असून त्यात आठ जिल्ह्यांचा समावेश होतो." मग जिल्ह्यांची नावं, भौगोलिक स्थान, शेतीचं महत्त्व. साठ शब्द गेले, तीन मिनिटं गेली, प्रश्न अजून तसाच पडलेला. एआयच्या उत्तरांची सुरुवात अनेकदा अशीच असते आणि ह्युमनायझर ती पुसत नाही, म्हणून तुमच्या नजरेला तीच योग्य वाटू लागली आहे.

प्रश्नाची कळ "पेक्षा" या शब्दात आहे. तुलना करून निकाल द्यायचाय. पहिलं एक मिनिट लिहू नका. कागदाच्या कडेला पेन्सिलीने चार तुकडे:

तूट – पर्जन्यछाया, 2014 व 2015 लागोपाठ
वापर – ऊस, भूजल उपसा
वाटप – जायकवाडी, वरची धरणं, 2005 चा कायदा
निकाल – तूट हातात नाही, वापर आहे

आता पहिलं वाक्य निकालाकडेच तोंड करून येतं: "पावसाची तूट ही मराठवाड्यातील टंचाईची सुरुवात असते, ती आपत्ती होते ती पीकपद्धती आणि पाणीवाटपामुळे." दुसऱ्या परिच्छेदात तूट खरी असल्याचं मान्य करा: प्रदेश पर्जन्यछायेत, 2014 आणि 2015 लागोपाठ तुटीची, त्यानंतर एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं. विधानाची दुसरी बाजू आधी मान्य केल्याशिवाय "परीक्षण" होत नाही. तिसऱ्यात ऊस आणि उपसा, म्हणजे वरचं आडसालीचं वाक्य. चौथ्यात वाटप: गोदावरीच्या वरच्या धरणांतून जायकवाडीला सोडायच्या पाण्यावरून वाद होतात, आणि 2005 चा महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा समन्यायी वाटपाची तरतूद करतो. शेवटची ओळ: "म्हणून विधान बहुतांशी ग्राह्य, मात्र लागोपाठच्या तुटीच्या वर्षांत केवळ वापर सुधारून टंचाई टळेल असे म्हणता येत नाही." झालं. याला 120 शब्द लागतात आणि माहितीचा फार साठाही लागत नाही. तुम्ही लातूरच्या, यातली निम्मी माहिती तुम्हाला घरातूनच असेल.

रोजचा तास

रोज एकच नवा प्रश्न, सात मिनिटं, पेनाने. तो त्याच दिवशी तपासू नका. लिहिलेलं ताजं असताना डोळा कागदावरचं वाचत नाही, मनातलं वाचतो. दुसऱ्या दिवशी लाल पेन घ्या. आधी, प्रश्नाला थेट उत्तर देणाऱ्या वाक्याखाली रेघ मारा. असं वाक्यच सापडलं नाही तर बाकी तपासायचं कारण नाही, आराखडा पुन्हा करा. मग काढलं तरी काही बिघडत नाही असे शब्द खोडा: "मोठ्या प्रमाणावर", "अत्यंत महत्त्वाचे", "च्या माध्यमातून", "दृष्टीने विचार करता". शेवटी सगळ्यात वाईट दोन वाक्यं निवडा आणि फक्त तीच नव्याने लिहा, प्रत्येकी तीन तऱ्हांनी. पूर्ण उत्तर सुंदर करून लिहीत बसायचा मोह टाळा. त्यात तास जातो आणि ती दोन वाक्यं तशीच राहतात.

आठवड्याने तोच प्रश्न, जुनं न बघता, पुन्हा सात मिनिटांत लिहा. दोन्ही शेजारी ठेवा. टिंबं कमी झाली पाहिजेत आणि रेघ मारलेलं वाक्य वर सरकलं पाहिजे. चार आठवड्यांत यातलं काहीच हललं नाही, तर लाल पेनाचं काम वरवर होतंय, किंवा ते पुन्हा कुठल्यातरी टूलकडे गेलंय. दुसऱ्या महिन्यापासून लागोपाठ पाच प्रश्न, मग दहा, आणि शेवटचे दोन महिने आठवड्याला एक अख्खा तीन तासांचा पेपर. पहिल्याच महिन्यात पूर्ण पेपर देत सुटू नका. वाक्य अडत असताना तीन तास लिहिलं की वाईट सवयच पक्की होते.

सोबत आठवड्यातून तीनदा सारांशलेखन करा. अग्रलेखाचा 300 शब्दांचा तुकडा 100 शब्दांत. अर्थ सगळा राहिला पाहिजे आणि एकही वाक्य मूळचं उचलायचं नाही. ह्युमनायझर शब्द बदलतो आणि विचार तसाच ठेवतो. सारांश लिहिताना तुम्हाला विचाराचा गाभा आधी धरावा लागतो, त्याशिवाय दोन-तृतीयांश मजकूर काढताच येत नाही. मराठीचा पेपर 300 गुणांचा असतो. त्यात 25 टक्के मिळाले नाहीत तर बाकीचे पेपर मोजले जात नाहीत. म्हणजे ही मेहनत दोन्हीकडे कामी येते.

डिटेक्टरचं काय?

तुमचं स्वतःचं लेखन 'एआय' ठरलं हा खरा अन्याय होता, आणि असं होतं. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले. टोफेल परीक्षेसाठी परभाषक विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या इंग्रजी निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त त्यांनी यंत्राचे ठरवले, कारण साधे आणि अपेक्षित शब्द या टूलांना संशयास्पद वाटतात. ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर त्याच वर्षी जुलैमध्ये अचूकता कमी म्हणून मागे घेतला. पण यावर उपाय म्हणून ह्युमनायझर घेणं उलटंच पडतं. प्राध्यापकांनी समोर बसवून "हे असं का लिहिलंत?" विचारलं तर स्वतः न लिहिलेल्या वाक्याचं स्पष्टीकरण कुठून देणार?

त्याऐवजी पुरावा ठेवा. असाइनमेंट Google Docs मध्ये लिहा आणि सुरुवातीपासून त्याच फाइलमध्ये लिहा, दुसरीकडून पेस्ट करू नका. File मधल्या Version history मध्ये मजकूर कसकसा वाढत गेला, काय खोडलं, तारीखवेळेसह दिसतं. हाताने केलेल्या आराखड्याचे फोटो काढून ठेवा. डिटेक्टरने काही दाखवलं तर हे दोन्ही घेऊन विभागप्रमुखांकडे लेखी अर्ज करा आणि तोंडी विचारण्याची तयारी स्वतःहून दाखवा. कॉलेजचा एआयबाबतचा नियम लेखी असेल तर तोही मागून घ्या. आतापर्यंत जे दिलंत ते त्यात बसत नसण्याची शक्यता मोठी आहे.

शुद्धलेखन तपासायला टूल वापरायला हरकत नाही, पण वापरताना चूक दाखवू द्या, दुरुस्ती स्वतः करा. शेवटच्या सेमिस्टरच्या उरलेल्या असाइनमेंट मात्र पूर्ण स्वतः लिहा, आणि पहिला खर्डा पेनाने. मार्क थोडे उतरतील, बहुतेक पहिल्या दोन असाइनमेंटना. शोधप्रबंधिका असेल तर तिच्यासाठी निदान दोन महिने हाताशी ठेवा, कारण तिचं संपादन सात मिनिटांच्या उत्तरासारखं दुसऱ्या दिवशी उरकत नाही.